खाली उतरणाऱ्या दोन रेषा

तोंडाचा कॅन्सर लवकर लक्षात आला आहे. जिभेच्या कडेची किंवा गालाच्या आतली गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही. तोंडातली गाठ काढायची, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. वाद असतो तो मानेतल्या लसिकाग्रंथींबद्दल. त्या वरून चांगल्या वाटत असल्या, तरी कॅन्सरच्या पेशी तिथे आधीच पोचल्या असतील तर? काही सर्जन म्हणत, तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानही साफ करून टाकावी. इतरांचं म्हणणं असं, की बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही, मग खांद्याच्या दुखण्याचा भुर्दंड त्यांनी का सोसावा? लक्ष ठेवू, गाठ आलीच तर तेव्हा काढू. हा वाद अनेक दशकं चालला.

तो निकाली काढायला मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूज आणि सहकाऱ्यांनी 2004 साली एक चाचणी सुरू केली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार, हे डॉक्टर किंवा रुग्ण नव्हे, तर सोडत ठरवणार होती. 2014 पर्यंत 596 रुग्ण सहभागी झाले. त्यातल्या पहिल्या 500 जणांचा अहवाल 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये छापून आला. 245 जणांची मान आधीच साफ केली होती, 255 जणांच्या बाबतीत वाट पाहिली होती. अशा निबंधाचं सगळं सार एका आकृतीत असतं: डावीकडे वरून सुरू होऊन पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणाऱ्या दोन रेषा. डॉक्टर मंडळी तिला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात, आपण जगण्याचा आलेख म्हणू. कॅन्सरच्या नव्या औषधाची बातमी येते तेव्हा तिच्या मुळाशी बहुधा असाच एक आलेख असतो. तो वाचायला डॉक्टर असावं लागत नाही, पण तो कसा तयार होतो हे मात्र ठाऊक हवं.

आधी साधा हिशेब करून बघू. अहवालानुसार आधीच मान साफ केलेल्या गटात 50 मृत्यू झाले, वाट पाहिलेल्या गटात 79. मग 245 पैकी 50 आणि 255 पैकी 79 अशी टक्केवारी काढली की झालं, आलेख कशाला? अडचण अशी, की हे सगळे रुग्ण एकाच दिवशी आलेले नाहीत. कुणी सुरुवातीला आला आणि त्याची नोंद कित्येक वर्षांची आहे. कुणी अहवालाच्या थोडंच आधी आला आणि त्याला जेमतेम काही महिने झालेत. दोघंही ‘जिवंत’ याच रकान्यात बसतात, पण पहिल्याचं जिवंत असणं बरंच काही सांगतं आणि दुसऱ्याचं फारच थोडं. या चाचणीत मध्यक पाठपुरावा 39 महिन्यांचा होता. म्हणजे ढोबळमानाने अर्ध्या लोकांची नोंद त्याहून कमी काळाची. अशा अपुऱ्या नोंदी फेकून द्यायच्या नाहीत आणि पूर्ण आहेत असंही समजायचं नाही, यासाठी हा आलेख जन्माला आला.

ती पद्धत 1958 सालची. एडवर्ड कॅप्लन टेलिफोनच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात याचं गणित मांडत होते, पॉल मायर वैद्यकातल्या नोंदींवर काम करत होते. दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास तोच उपाय शोधला आणि शेवटी एकत्र निबंध लिहिला. म्हणून या आलेखाला कॅप्लन-मायर आलेख असंही म्हणतात.

आकृतीचे दोन अक्ष आधी पाहू. उभ्या अक्षावर टक्केवारी असते, शंभरापासून खाली. आडव्या अक्षावर महिने किंवा वर्षं असतात, पण ती कॅलेंडरची नव्हेत. प्रत्येक रुग्णाचा शून्य दिवस त्याचा स्वतःचा, म्हणजे सहसा सोडतीत त्याला गट मिळाला तो दिवस. 2005 साली आलेला आणि 2012 साली आलेला, दोघेही डाव्या टोकाला एकाच ठिकाणी उभे असतात.

आता एक छोटं, काल्पनिक उदाहरण हातानेच सोडवू. दहा रुग्ण आहेत. चौथ्या महिन्यात एक दगावला. दहापैकी नऊ उरले, रेषा 100 वरून 90 वर आली. सहाव्या महिन्यात एका रुग्णाची नोंद थांबली. तो गेला नाही, फक्त त्याच्याबद्दलची शेवटची माहिती तिथपर्यंतचीच आहे. रेषा हलत नाही, मात्र इथून पुढच्या हिशेबात नऊऐवजी आठच माणसं धरायची. दहाव्या महिन्यात आणखी एक मृत्यू. त्या क्षणी नजरेखाली आठ जण होते, त्यातले सात राहिले. म्हणून आधीच्या 90 टक्क्यांना सात-अष्टमांशाने गुणायचं: रेषा 78.75 वर. बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात दोघांच्या नोंदी थांबल्या, उरले पाच. अठराव्या महिन्यात एक गेला, पाचातले चार उरले. 78.75 ला चार-पंचमांशाने गुणलं की 63. दोन वर्षांपर्यंत पुढे काही घडलं नाही, म्हणजे दोन वर्षांचा आकडा 63 टक्के.

साध्या टक्केवारीने काय आलं असतं? मृत्यू तीनच, म्हणून दहातले सात जिवंत धरले तर 70 टक्के. पण नोंद थांबलेले तिघे दोन वर्षं जगले, हे कुणी पाहिलेलं नाही. त्या तिघांना सरळ वगळलं तर सातातले चार, म्हणजे 57 टक्के. मग ते जितके महिने नजरेसमोर जिवंत होते तेवढी माहिती वाया जाते. 63 हा आकडा या दोहोंच्या मधे बसतो, कारण प्रत्येक माणूस जितका काळ दिसला तितकाच काळ त्याने मोजला आहे.

याच उदाहरणात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिन्ही वेळी मृत्यू एकेकच झाला, पण पहिली पायरी 10 टक्क्यांची होती, दुसरी सव्वाअकराची आणि तिसरी पावणेसोळाची. माणसं कमी होत जातात तशी प्रत्येक मृत्यूची पायरी मोठी होते. आलेखाच्या उजव्या टोकाला दिसणारी खोल उडी म्हणजे तिथे काहीतरी भयंकर घडलं असं नसतं. बहुतेक वेळा तिथे मोजायला माणसंच थोडी उरलेली असतात.

नोंद थांबण्याला संख्याशास्त्रात सेन्सॉरिंग म्हणतात. बऱ्याच आलेखांत रेषेवर छोट्या उभ्या खुणा दिसतात, कधी अधिकचं चिन्ह असतं. वाचणारा त्यांना मृत्यू समजतो, पण मृत्यू म्हणजे पायरी, रेषेचं खाली येणं. उभी खूण म्हणजे ‘हा माणूस इथपर्यंत जिवंत होता, पुढचं माहीत नाही’. खूण असते तिथे रेषा सपाटच राहते. ज्या आलेखांत खुणा काढलेल्याच नसतात तिथेही नोंदी थांबलेल्या असतातच. त्या शोधायच्या तर आकृतीच्या खालच्या आकड्यांकडे वळावं लागतं, त्याबद्दल पुढे.

खुणा कुठे आहेत यावर बरंच अवलंबून असतं. उजवीकडे त्या दाट असल्या तर सहसा चिंता नसते. अहवाल लिहायच्या दिवशी जे जिवंत होते त्यांची नोंद तिथे थांबली, एवढाच त्याचा अर्थ. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला पाठपुरावा कमीच यायचा. पण खुणा अगदी सुरुवातीलाच, आणि त्याही एकाच गटात दाट असतील, तर थांबून विचार करावा. सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: ज्यांची नोंद थांबली त्यांचं पुढचं नशीब, जे नजरेखाली राहिले त्यांच्यासारखंच असेल. एखादा रुग्ण दुसऱ्या गावी बदली झाली म्हणून यायचा थांबला तर हे गृहीत टिकतं. पण दुखणं उलटलं, पैसे संपले, प्रवास झेपेना म्हणून तो घरीच राहिला, तर रेषा त्याला ‘इतरांसारखाच’ धरून चालते आणि वास्तवापेक्षा वर राहते. असे रुग्ण एका गटात जास्त असतील तर दोन रेषांमधलं अंतरच खोटं पडू शकतं. आलेखावरून हे सिद्ध होत नाही, संशय मात्र घेता येतो. मग निबंधात संपर्क तुटलेल्यांची संख्या गटवार दिली आहे का ते पाहायचं. तो आकडा दोन्हीकडे लहान आणि सारखा असला तर चिंता कमी. तो मृत्यूंच्या आकड्याच्या जवळपास जात असला, तर निष्कर्ष उसना समजावा.

आता टाटाच्या चाचणीतलं अंतर बघू. तीन वर्षांच्या जागी आडव्या अक्षावर बोट ठेवा आणि सरळ वर जा. वाट पाहिलेल्या गटाची रेषा 67.5 टक्क्यांवर लागते, आधीच मान साफ केलेल्या गटाची 80 टक्क्यांवर. उभं अंतर साडेबारा टक्क्यांचं. म्हणजे प्रत्येक शंभर रुग्णांमागे बारा-तेरा जण, जे वाट पाहिली असती तर तीन वर्षांत गेले असते, ते जिवंत राहिले. उलटा हिशेब केला तर आठ जणांची मान आधीच साफ केल्यावर एक मृत्यू टळतो. हा एक जण कोण ते आधी सांगता येत नाही, उरलेल्या सातांना शस्त्रक्रिया तरीही सोसावी लागते. रुग्णाला घरच्यांशी बोलताना उपयोगी पडणारं अंतर हेच, उभं.

दुसरं अंतर आडवं. उभ्या अक्षावर 50 टक्क्यांपाशी बोट ठेवून उजवीकडे गेलं की रेषा जिथे भेटते तो काळ म्हणजे मध्यक. बातम्यांत ‘या औषधाने आयुष्य चार महिन्यांनी वाढतं’ असं येतं तेव्हा बहुधा दोन मध्यकांतला फरक सांगितलेला असतो. टाटाच्या या आलेखात तीन वर्षांपर्यंत दोन्ही रेषा पन्नासच्या बऱ्याच वर आहेत, म्हणून तिथवर मध्यक काढताच येत नाही. निबंधात ‘मध्यक गाठला गेला नाही’ असं वाक्य दिसलं तर ती त्रुटी नव्हे. निम्म्याहून जास्त लोक अजून जिवंत आहेत, एवढंच ते सांगतं.

तिसरा आकडा हझार्ड रेशो, आणि सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथेच. टाटाच्या चाचणीत तो 0.64 आहे. अर्थ असा, की कुठल्याही क्षणी, तोवर जिवंत असलेल्यांमध्ये, पहिल्या गटातला मृत्यूचा वेग दुसऱ्या गटाच्या वेगाच्या 64 टक्के होता. वेग 36 टक्क्यांनी कमी झाला. याचा अर्थ 36 टक्के जास्त लोक वाचले असा नाही, ते साडेबारा टक्के. आयुष्य 36 टक्क्यांनी वाढलं असाही नाही. ‘मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी’ ही बातमी खोटी नसते, पण ती वाचून मनात जे चित्र उभं राहतं ते बहुधा चुकीचं असतं.

या आकड्याबरोबर एक पल्ला दिलेला असतो: 0.45 ते 0.92. पाचशे रुग्णांवरून जो अंदाज आला तो योगायोगाने थोडा इकडेतिकडे होऊ शकला असता, त्याची ही कुंपणं. महत्त्वाची गोष्ट अशी की एक हा आकडा, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, या कुंपणाबाहेर आहे. पण वरचं टोक 0.92 आहे हेही विसरू नये. खरा फायदा बराच माफक असू शकतो, ही शक्यता हा पल्ला मोकळी ठेवतो. शिवाय हा अहवाल सगळे रुग्ण येण्याआधीचा, पहिल्या पाचशेंचा आहे. फरक ठळक दिसल्यावर वेळेआधी जाहीर झालेल्या निकालांत तो फरक खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसण्याकडे कल असतो. दिशा त्याने बदलत नाही, पण शेवटच्या दशांशावर फार भार टाकू नये.

याच चाचणीत आणखी एक आलेख आहे आणि दोन्ही शेजारी ठेवले की खरी गंमत कळते. पहिल्यात पायरी म्हणजे मृत्यू. दुसऱ्यात पायरी म्हणजे आजार परतणं किंवा मृत्यू. त्या आलेखात तीन वर्षांनी आधीच मान साफ केलेला गट 69.5 टक्क्यांवर आहे आणि वाट पाहिलेला 45.9 टक्क्यांवर. अंतर जवळपास 24 टक्क्यांचं, म्हणजे जगण्याच्या आलेखातल्या अंतराच्या सुमारे दुप्पट. असं का? वाट पाहिलेल्यांपैकी अनेकांना पुढे मानेत गाठ आली, ती मोजली गेली. पण गाठ आली म्हणून सगळे दगावले नाहीत, त्यातल्या काहींना नंतरच्या शस्त्रक्रियेने वाचवलं. दोन आलेखांतल्या अंतरांचा फरक म्हणजे या वाचलेल्यांचा हिशेब. आणि जगण्याच्या आलेखात तरीही जे अंतर उरलं, ते उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेच्या हाती न लागलेल्यांचं. म्हणून कुठलाही आलेख वाचताना उभ्या अक्षावरची अक्षरं आधी वाचायची. नव्या औषधांच्या कितीतरी आलेखांत ‘आजार न वाढता गेलेला काळ’ मोजलेला असतो, आयुष्य नव्हे. पहिल्या आलेखात भरघोस दिसणारं अंतर दुसऱ्यात उरेलच याची हमी नसते.

टाटाच्या चाचणीत एका गटाची रेषा दुसरीच्या वर आहे आणि निष्कर्ष सरळ आहे. सगळीकडे असं नसतं. 2009 साली फुप्फुसाच्या कॅन्सरवरची आयपास नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पूर्व आशियातले 1,217 रुग्ण, एका बाजूला गेफिटिनिबची गोळी, दुसऱ्या बाजूला नेहमीची केमोथेरपी. आजार न वाढता गेलेल्या काळाच्या आलेखात सुरुवातीला गोळीची रेषा खाली होती. सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींना छेदून गेल्या आणि पुढे गोळी वर राहिली. मध्यक जवळपास सारखे, 5.7 आणि 5.8 महिने. वर्षाअखेर मात्र 24.9 टक्के विरुद्ध 6.7. मध्यक पाहणारा म्हणेल फरक नाही, वर्षाचा आकडा पाहणारा म्हणेल प्रचंड फरक आहे. हझार्ड रेशो 0.74 निघाला, पण तो सगळ्या काळाची सरासरी काढतो आणि इथे पहिल्या सहामाहीत एक गोष्ट घडत होती, नंतर उलटी. रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा तो एक आकडा कुठल्याच काळाचं खरं वर्णन करत नाही.

छेदण्याचं कारण पुढे उलगडलं. एकाच गटात दोन वेगळ्या प्रकारचे रुग्ण मिसळले होते. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात ठरावीक बदल होता त्यांच्यात गोळीचा हझार्ड रेशो 0.48 आला, म्हणजे फायदा ठळक. ज्यांच्यात तो बदल नव्हता त्यांच्यात 2.85, म्हणजे गोळीने नुकसान. दोघांना वेगळं काढल्यावर चित्र स्वच्छ झालं. आज ही गोळी देण्याआधी जनुकाची तपासणी करतात. रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या, तर ‘सरासरी काय’ यापेक्षा ‘या गटात कोण कोण एकत्र आहेत’ हा प्रश्न विचारावा.

आता आकृतीखालच्या त्या आकड्यांकडे येऊ. चांगल्या आलेखात आडव्या अक्षाखाली दोन ओळी छापलेल्या असतात, प्रत्येक गटाची एक. त्यांना ‘नंबर अ‍ॅट रिस्क’ म्हणतात: त्या-त्या महिन्यात नजरेखाली अजून किती जण उरले होते. बरेच वाचक ही ओळ सोडून देतात, पण रेषेच्या कुठल्या भागावर किती विसंबायचं ते तीच ठरवते. उजव्या टोकाला चारच जण उरले असतील आणि त्यातला एक गेला, तर रेषा त्या क्षणी पाव उंचीने खाली येते. शेवटचाच माणूस गेला तर ती थेट शून्यावर जाते, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळेच मेले. उलट बाजूनेही फसगत होते. टोकाकडे रेषा लांबच लांब सपाट दिसते आणि तिच्यावर उभ्या खुणांची गर्दी असते. ‘इतके जण कायमचे बरे झाले’ असा निष्कर्ष तिथे काढायचा मोह होतो. पण ते सपाटपण बरेचदा एवढंच सांगतं की या लोकांना अजून पुरेसा काळ कुणी पाहिलेलं नाही.

एक लबाडी मात्र गणिताची नाही, छपाईची आहे. उभा अक्ष शून्याऐवजी पन्नासपासून सुरू केला की तेच साडेबारा टक्क्यांचं अंतर कागदावर दुप्पट दिसतं. आकडे खरे असतात, डोळा फसतो. म्हणून रेषांकडे बघण्याआधी अक्ष कुठून सुरू होतो ते बघावं.

पुढच्या वेळी असा आलेख समोर आला, डॉक्टरांनी दाखवला किंवा बातमीत छापून आला, तर आधी उभ्या अक्षावर काय मोजलं आहे आणि तो कुठून सुरू होतो हे वाचा. मग खालच्या ओळीत माणसं कुठवर पुरली आहेत ते बघा आणि त्याच्या उजवीकडचा भाग हाताने झाका. उरलेल्या भागात एका ठरावीक वेळी उभं अंतर किती, ते टक्क्यांत विचारा. ‘धोका इतक्या टक्क्यांनी कमी’ हे ऐकून समाधान मानू नका, शंभरातले किती जण आणि किती वर्षांनी, असं स्पष्ट विचारा. हा प्रश्न विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याचं उत्तर त्या आकृतीतच असतं.